दुध्या भोपळ्याचा कडूपणा

आपल्या स्वयंपाकघरातील निरुपद्रवी पदार्थांची यादी करावयाची झाली, तर दुध्या भोपळ्याचे नाव पहिल्या पाचांत येईल. आजाऱ्याच्या पथ्याला दुध्या, उपासाला दुध्याचा हलवा, लहान मुलाला भरवण्याच्या खिचडीत दुध्या. उत्तरेकडे त्याला लौकी किंवा घिया म्हणतात, कर्नाटकात सोरेकाई म्हणतात आणि संस्कृतात अलाबु किंवा तुंबी म्हणतात. नाव कोणतेही असो, भाव एकच : सौम्य, थंड, पचायला हलका, आणि खरे सांगायचे तर थोडासा बेचव. त्यात शंभर भागांपैकी पंच्याण्णवांच्या वर पाणीच असते. अशा या गरीब भाजीच्या रसाने माणूस रक्ताची उलटी करतो, त्याचा रक्तदाब घसरतो आणि क्वचित प्रसंगी तो दगावतोही, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला प्रथम ती थट्टा वाटते. परंतु ती थट्टा नाही. असे घडते. फार क्वचित घडते हे खरे. रोज कोट्यवधी माणसे दुध्या खातात आणि त्यांना काहीही होत नाही. मात्र जेव्हा घडते तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी त्या माणसाला त्याची आगाऊ सूचना मिळालेली असते, आणि ती त्याच्याच जिभेने दिलेली असते. ही सूचना काय आहे, ती का मिळते आणि ती असूनही माणूस तिच्याकडे दुर्लक्ष का करतो, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे स्पष्ट करू, की ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वांती करविणाऱ्या औषधांचे जे अध्याय आहेत, त्यांतील एक संपूर्ण अध्याय इक्ष्वाकूचा आहे. इक्ष्वाकू म्हणजे कडू भोपळा. त्याच्या आगेमागे जी इतर वांतिकारक फळे सांगितली आहेत, त्यांतील बरीचशी कडू दोडका, देवडांगरी अशी याच कुळातील आहेत. म्हणजे कडू भोपळा पोटात गेला की ते उलटते, हे प्राचीन वैद्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी त्याचा उपयोग मोजून मापून, रोग्याला समोर बसवून केला. सकाळी अनशापोटी पेला भरून पिण्याचे पेय म्हणून त्यांनी तो कोणाला दिला नाही.

याहूनही बोलकी एक कथा जैनांच्या ‘नायाधम्मकहाओ’ या अर्धमागधी अंगग्रंथात आहे. चंपानगरीत नागश्री नावाची एक ब्राह्मणस्त्री असते. घरच्या मेजवानीसाठी ती भोपळ्याची भाजी करते ; भरपूर तेल घालते, मसाला घालते. शिजल्यावर तळहातावर एक थेंब घेऊन चाखते, तो ती भाजी जहर कडू. फजिती नको म्हणून ती ती भाजी लपवून ठेवते आणि घाईने दुसऱ्या गोड भोपळ्याची करते. इतक्यात महिन्याच्या उपवासाचे पारणे करण्यासाठी धर्मरुची नावाचा मुनी भिक्षेला येतो, आणि टाकून देण्याचे कष्ट वाचावेत म्हणून नागश्री ती कडू भाजी त्याच्या पात्रात ओतते. मुनी ती गुरूला दाखवितो. गुरू एक थेंब चाखतात आणि सांगतात, ‘ही खाऊ नकोस, निर्जन जागी टाकून ये.’ मुनी रानात जाऊन एक थेंब जमिनीवर टाकून पाहतो. तेलाच्या वासाने मुंग्या जमतात आणि मरतात. सगळी भाजी ओतली तर किती जीव मरतील या विचाराने तो ती स्वतःच खाऊन टाकतो आणि देह ठेवतो.

कथेचा धार्मिक आशय बाजूला ठेवून तिच्यातील तपशील पाहा. शिजविल्याने, तेलाने, मसाल्याने कडूपणा गेला नाही. विषही गेले नाही. एका थेंबावरून दोन जाणत्या माणसांनी नेमके निदान केले. आणि ज्या माणसाने संपूर्ण पात्र संपविले तो वाचला नाही. दुध्याच्या विषबाधेविषयी आजचे वैद्यकशास्त्र जे सांगते, त्यातील बहुतेक सर्व या कथेत आलेले आहे.

आता आजची हकीकत. 2010 सालच्या उन्हाळ्यात दिल्लीत एका सुशिक्षित दांपत्याच्या बाबतीत जी घटना घडली, तिने या विषयाकडे सरकारचे लक्ष वेधले. पतिपत्नी दोघेही प्रकृतीसाठी दुध्याचा रस नियमाने घेत असत, आणि पतीची ही सवय काही वर्षांची होती. त्या दिवशी दुध्याच्या रसात कारल्याचा रस मिसळलेला होता. रस कडू लागला. परंतु कारले घातलेला रस कडू लागणारच ! दोघांनी तो घेतला. थोड्याच वेळात दोघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले, दोघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. पत्नी वाचली, पती वाचला नाही.

या आणि अशाच इतर घटनांच्या निमित्ताने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची एक समिती नेमली, आणि तिचे निष्कर्ष 2012 साली परिषदेच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. समित्यांचे अहवाल वाचणे हा माझ्या नोकरीचाच भाग असल्यामुळे मला एवढे सांगण्याचा अधिकार आहे, की इतक्या थोड्या शब्दांत इतक्या उपयोगाच्या गोष्टी सांगणारे अहवाल विरळा. समितीचे म्हणणे असे : कडू दुध्यात जी विषारी द्रव्ये असतात तीच त्याच्या कडूपणालाही कारण असतात, या विषावर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही, म्हणून रस काढण्यापूर्वी दुध्याची लहानशी फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास तो भोपळा टाकून द्यावा, आणि दुध्याच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. यातील शेवटची अट वरवर पाहता विचित्र वाटते. दुसऱ्या रसाने काय बिघडते ? त्याचे उत्तर दिल्लीच्या त्या पेल्यात आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

या द्रव्यांना क्युकरबिटासिन म्हणतात. भोपळा, काकडी, कलिंगड, दोडका यांच्या कुळाला वनस्पतिशास्त्रात जे नाव आहे, त्यावरूनच हे नाव पडले. ही एकच वस्तू नसून एक कुटुंब आहे आणि त्यातील निरनिराळ्या द्रव्यांना रोमन अक्षरांच्या अनुक्रमाने ओळखतात. जगातील अत्यंत कडू पदार्थांत यांची गणना होते. पाण्यात यांचा अगदी सूक्ष्म अंश असला, इतका की साध्या उपकरणाने तो मोजताही येऊ नये, तरी जिभेला तो कळतो. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. पुष्कळ विषे अशी आहेत की त्यांना चव नाही, वास नाही, रंग नाही. ती पोटात गेल्यावरच त्यांचा पत्ता लागतो. येथे मात्र विष आणि त्याची दवंडी एकाच रेणूत आहेत. दुध्या जितका अधिक कडू, तितके त्यात विष अधिक. आणि पोटाला अपाय होण्यास जेवढे लागते, त्याहून कितीतरी कमी प्रमाण जिभेला पुरते.

झाड ही द्रव्ये बनविते ती अर्थातच आपल्यासाठी नव्हे. रानातल्या वेलीचे फळ कोवळे असताना जनावरांनी व किडींनी फस्त करू नये, म्हणून केलेला तो बंदोबस्त आहे. रानटी भोपळा, रानटी कलिंगड, रानटी काकडी ही सगळी मुळात कडूच आहेत. आपल्याकडे तंबोऱ्यासाठी आणि सतारीसाठी जे भोपळे मुद्दाम पिकवितात तेही कडू जातीचे असतात. मिरजेचे वाद्यकारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे वापरतात, आणि कडू भोपळ्याला कीड लागत नाही हा त्याचा गुण मानला जातो. जो गुण तंबोऱ्याला शोभतो तोच पोटाला मारक ठरावा, ही सृष्टीची एक गंमतच म्हणावयाची.

मग आपल्या बाजारातला दुध्या गोड कसा ? हजारो वर्षांपूर्वी कोणा शेतकऱ्याच्या वेलीवर अपघाताने कमी कडू फळ धरले असेल, त्याने त्याचे बी राखले असेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या ही निवड होत होत आजचा भाजीचा भोपळा सिद्ध झाला. कडूपणा बनविण्याची यंत्रणा त्यात नष्ट झालेली नाही. तिचा एखादा भाग निकामी झाला आहे, इतकेच. आणि येथेच या सबंध प्रकरणातील मला सर्वांत मनोरंजक वाटणारी गोष्ट येते.

दुध्याच्या फळात कडूपणा येण्यासाठी वेलीच्या अनुवंशात निदान दोन वेगवेगळ्या घटकांची साथ लागते, असे दिसून आले आहे. हे दोन घटक म्हणजे एका कपाटाची दोन कुलपे उघडणाऱ्या दोन किल्ल्या समजा. दोन्ही किल्ल्या असल्या तरच कपाट उघडते आणि कडूपणा बाहेर पडतो. आता समजा, एका गावच्या दुध्यात पहिली किल्ली हरवलेली आहे पण दुसरी शाबूत आहे. दुसऱ्या गावच्या दुध्यात पहिली शाबूत आहे पण दुसरी हरवलेली आहे. दोन्ही दुधे गोडच आहेत, दोन्ही शेतकऱ्यांची काही तक्रार नाही. परंतु ही दोन वाणे शेजारी शेजारी लागली आणि एकाच्या फुलावरील पराग दुसऱ्याच्या फुलावर गेला, तर त्या फळातल्या बियांत दोन्ही किल्ल्या एकत्र येतात. पुढच्या वर्षी ते बी पेरले की वेलीला कडू फळे धरतात. त्या कडू वेलीचे बी आपसात पेरले, तर पुढील पिढीत सोळांतील सरासरी नऊ वेली कडू आणि सात गोड निघतात. आईबाप दोघेही गोड आणि संतती कडू, असा हा प्रकार आहे. आणि घरी राखलेल्या बियाण्याचा वेल कधी कधी निष्कारण कडू का निघतो, याचे हे एक पटणारे स्पष्टीकरण आहे. दुध्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री हिंडणारे पतंग व भल्या सकाळच्या माश्या त्यांच्यावर येतात. पतंगाला शेताचा बांध कळत नाही.

याला जोडूनच एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेजारी कडू भोपळ्याचा वेल असला तर त्याचा पराग येऊन आपला याच वर्षीचा दुध्या कडू होतो, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते बरोबर नाही. फळाचा जो गर आपण खातो तो मातृवेलीच्या शरीराचा भाग असतो. परागाचा हिस्सा फक्त आतल्या बियांत उतरतो. म्हणून परागाचा परिणाम दिसतो तो पुढल्या पेरणीत. याच वर्षी, याच वेलीवरचे एखादे फळ कडू निघाले तर त्याचे कारण निराळे शोधावे लागते. पाण्याचा ताण, कडक ऊन, दिवसरात्रीच्या उष्णमानातील मोठा फरक, निकस जमीन आणि फळ जून होईपर्यंत वेलीवर किंवा कोठीत पडून राहणे, ही कारणे समितीनेही मानली आहेत. वेल संकटात सापडला की आपली जुनी शस्त्रे बाहेर काढतो, असे समजावयास हरकत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की काल त्याच भाजीवाल्याकडून घेतलेला दुध्या गोड निघाला म्हणून आजचा गोडच निघेल याची हमी नाही. आणि एका टोपलीतल्या पाच भोपळ्यांपैकी चार गोड निघाले म्हणून पाचवा न चाखता चिरणे योग्य नाही. बाहेरून पाहून तर काहीच कळत नाही. कडू दुध्याही तितकाच हिरवा, तितकाच गुळगुळीत आणि तितकाच देखणा असतो.

आता जिभेकडे वळू. गोड, खारट आणि आंबट या चवी ओळखण्यासाठी निसर्गाने जी साधने दिली आहेत ती मोजकी आहेत, परंतु कडू ओळखण्यासाठी माणसाच्या जिभेवर सुमारे 25 प्रकारचे ग्राहक आहेत. यामागचा हिशेब सरळ आहे. गोड वस्तू ओळखली नाही तर एक घास चुकतो. कडू वस्तू ओळखली नाही तर जीव जाण्याचा संभव असतो. वनस्पतींनी बनविलेली विषे नाना आकारांची असल्यामुळे पहारेकरीही नाना प्रकारचे ठेवावे लागले. तान्ह्या मुलाच्या ओठाला कडू लागले तर ते तोंड वेडेवाकडे करून थुंकते. ते त्याला कोणी शिकविलेले नसते.

परंतु सर्व कडू वस्तू विषारी नाहीत, हेही तितकेच खरे. मेथी कडू आहे, कॉफी कडू आहे, कडुनिंबाची पाने आपण पाडव्याला हौसेने खातो, आणि कारले तर आपल्या नावडीची आणि आवडीची भाजी आहे. कारल्याचा कडूपणा त्याच कुळातील द्रव्यांचा असला तरी ती द्रव्ये निराळी आहेत आणि भाजीच्या प्रमाणात माणसाला सोसतात. तेव्हा नुसत्या कडूपणाला घाबरून चालणार नाही. जिभेच्या सूचनेचा अर्थ पदार्थ पाहून लावावा लागतो. कारले कडू लागले तर त्यात बातमी काहीच नाही. दुध्या, काकडी, दोडका किंवा कलिंगड कडू लागले तर ती बातमी आहे. कारण जी वस्तू स्वभावतः गोड तिची चव बदलली याचा अर्थ तिच्या आत काहीतरी बदलले आहे. 2015 साली जर्मनीत एका वृद्ध गृहस्थाने शेजाऱ्याच्या बागेतील याच कुळातील, तिकडे झुकिनी म्हणतात त्या, भोपळ्याची शिजविलेली भाजी खाल्ली. ती कडू होती. पत्नीने थोडी खाऊन सोडली, त्यांनी पानातले टाकायचे नाही म्हणा किंवा अन्य काही कारण म्हणा, पुष्कळ खाल्ली. पत्नी वाचली आणि ते गेले.

आता कारल्याचा रस दुध्यात का मिसळू नये, हे निराळे सांगावयास नको. कारले स्वतः अपराधी नाही. ते साक्षीदाराचे तोंड बांधते. पेल्यात कारले असले की कडूपणा त्याचाच, असे आपण धरून चालतो, आणि दुध्याचा कडूपणा त्याच्या आड लपतो. आवळा, आले, लिंबू, पुदिना, मध, काळे मीठ हीदेखील तेच काम थोड्याफार प्रमाणात करतात. त्यात आणखी एक मानसिक अडचण आहे. रस पिणारा माणूस जेवत नसतो. तो औषध घेत असतो. आणि औषध कडूच असायचे, ते नाक धरून एका दमात घशाखाली उतरवायचे, हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला असतो. भाजी कडू लागली तर आपण पहिल्या घासाला ताट बाजूला सारतो आणि घरात वादही घालतो. रस कडू लागला तर आपण मनात म्हणतो, ‘गुण येईल’. जिभेने वाजविलेली धोक्याची घंटा आपण गुणाची खूण म्हणून ऐकतो. शिवाय एका पेल्यात अर्धा किलो किंवा त्याहूनही अधिक दुध्याचा अर्क उतरलेला असतो आणि तो दोन मिनिटांत, रिकाम्या पोटी, आत जातो. भाजीने जे साधायला ताट भरून खावे लागले असते, ते रसाने सहज साधते. मोठ्या शहरांतील बागांच्या फाटकांपाशी सकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी रसाच्या गाड्या उभ्या असतात. तेथे तर भोपळा कोणी चिरला, कोणी चाखला, याची चौकशी करण्याची सोयही नसते. दुध्याच्या रसाने मधुमेह हटतो, हृदय सुधारते, असे मोठमोठे दावे केले जातात. ते माणसांवरील काटेकोर चाचण्यांनी सिद्ध झालेले नाहीत. असा रस घ्यावयाचाच असेल त्याने घ्यावा, परंतु चाखून घ्यावा.

चाखण्याची रीत सोपी आहे, तरी ती नीट सांगतो. दुध्या धुऊन, सोलून, देठाकडची एक पातळ चकती आणि मधली एक चकती कापावी. काकडीत कडूपणा देठाकडे अधिक साठतो, म्हणून देठाकडची चकती सोडू नये. तिचा नखाएवढा तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून हलके चावावा, क्षणभर थांबावे, आणि गिळण्याची घाई करू नये. गोड दुध्या कच्चा खाल्ला तर काकडीसारखा पाणचट लागतो. जरा जरी कडवट लागले तर थुंकून चूळ भरावी आणि संपूर्ण भोपळा टाकून द्यावा. कडू भाग कापून बाकीचा वापरणे, मीठ चोळून पाणी काढणे, उकळून पाणी फेकणे हे उपाय येथे कामाचे नाहीत ; हे विष उष्णतेला दाद देत नाही. रस निघाल्यावर त्याचाही एक थेंब, त्यात काहीही मिसळण्यापूर्वी, चाखावा. आणि चाखण्याचे काम घरातल्या तरुण माणसाकडे द्यावे. वयाबरोबर जिभेची धार कमी होते ; सर्दी झालेली असली, तोंडात तंबाखू-पान असले तरी चव नीट कळत नाही. शिवाय कडू ओळखण्याची शक्ती माणसामाणसांत जन्मतःच कमीअधिक असते. गंमत अशी, की दुध्याचा रस नेमाने घेणारांत वयस्कांचीच संख्या मोठी. म्हणजे ज्यांची जीभ मंद त्यांच्याच हाती पेला.

कडू रस पोटात गेलाच तर काय होते ? 2011 साली गुडगावच्या डॉक्टरांनी अशा 15 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोणी 50 मिलिलिटर घेतला होता, कोणी 300 पर्यंत. म्हणजे चहाच्या अर्ध्या कपापासून मोठ्या पेल्यापर्यंत. काहींना काही मिनिटांतच, तर काहींना काही तासांनी, पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या. त्यांतील बहुतेकांना रक्ताची उलटी झाली, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांचा रक्तदाब घसरला. नळीतून दुर्बिणीने आत पाहिले तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठरात आणि त्याच्या पुढच्या आतड्यात सूज, ओरखडे आणि व्रण दिसले. हे विष पोटाच्या अस्तराला भाजल्यासारखी इजा करते. त्याबरोबरच सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. उलट्या-जुलाबांनी जाते ते निराळेच. त्यामुळे बाहेर दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा शरीर आतून अधिक कोरडे पडलेले असते आणि रुग्ण एकाएकी थंडगार, घामेजलेला आणि निपचित होतो. काहींच्या यकृतावरही परिणाम आढळतो.

2018 साली पुण्यातही एक स्त्री सकाळी दुध्याचा रस घेतल्यानंतर उलट्या-जुलाबांनी आजारी पडून काही दिवसांत मृत्यू पावली, आणि डॉक्टरांनी या रसाच्या विषबाधेकडे बोट दाखविले. अशा बातमीने घबराट होते, आणि काही दिवस बाजारात दुध्याला गिऱ्हाईक राहत नाही. मग सर्व विसरले जाते. वस्तुतः वेळेवर रुग्णालयात पोहोचलेले बहुतेक रुग्ण चारसहा दिवसांत सावरतात. उतारा नसला तरी उपचार आहे : शिरेतून सलाइन देऊन रक्तदाब सांभाळणे, जठरातील आम्ल कमी करणारी औषधे देणे, रक्तस्राव झाला असल्यास त्याची भरपाई करणे, आणि मूत्रपिंड व यकृत यांच्यावर लक्ष ठेवणे. हे घरी करता येण्यासारखे नाही. म्हणून रस घेतल्यानंतर मळमळ, उलटी, जुलाब किंवा नुसती बेचैनी वाटली तरी, ‘शरीरातील घाण बाहेर पडत आहे’ अशी समजूत करून घेऊन वाट पाहत बसू नये. पोट धुण्यासाठी घरीच मिठाचे पाणी पाजून आणखी उलट्या करविणे तर मुळीच नको. व्रण पडलेल्या जठराला तो जादा मार असतो.

रुग्णालयात जाताना एक गोष्ट न विसरता करावी. सकाळी कसला रस घेतला, किती घेतला, किती वाजता घेतला आणि तो कडू होता काय, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. उन्हाळ्याच्या दिवसांत उलट्या-जुलाबांचे रोगी पुष्कळ येतात आणि दुध्याचे नाव कोणाच्या मनातही येत नाही. अन्नातून झालेली साधी बाधा समजून रोग्याला थोड्या वेळाने घरी पाठविण्याचा संभव असतो. पेल्यात, जगात किंवा यंत्राच्या भांड्यात उरलेला रस असेल, चिरलेल्या भोपळ्याचे तुकडे असतील, तर ते बाटलीत भरून बरोबर न्यावेत. आणि त्याच जगातून घरातल्या आणखी कोणी दोन घोट घेतले असतील, तर त्याला अजून काही होत नसले तरी, त्यालाही त्याच गाडीत बसवावे.